भिंतीमागचा कॅमेरा

तात्यासाहेबांचा निरोप नेहमीसारखा बोलून पाठवलेला होता. मोबाइलवर अक्षरं दाबत बसण्यापेक्षा शेजारच्या गावाला जाऊन सांगून यावं, असं ते म्हणायचे. मोनिकानं खुर्चीत बसल्या बसल्या निरोप लावला. समोरच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या अभयनं हात थांबवला, कारण तात्यासाहेबांचा आवाज गिरणीच्या पट्ट्याच्या घरघरीतूनही ऐकू यायचा, आणि खाली खरोखरच पिठाची गिरणी चालू होती.

"मोनिका बेटा, येक इचारायचं व्हतं. आपल्या शाळेचे तू फोटू करून दिले, ते लई झकास झालेत. समदं गाव बोर्डासमोर उभं राहून बघतंय. पण शाळेच्या आपल्या रत्नमालाबाई म्हणतेत, फोटू नको, ते चालतं-फिरतं असतं ना, आपणच कॉम्प्युटरमधी आत शिरायचं न् फिरायचं, तसलं पाहिजे. आता तू मला सांग, फोटूपेक्षा ते चांगलं असतं का? आपल्या इमारतीला कोणतं बरं? उद्या दुपारी कमिटी बसणार हाये. लिहून पाठव, मी वाचून दाखवतो. सोमवारी जोत्याचं काँक्रीट हाये, त्याच्या आत काय ते ठरू दे."

"फोटू," अभय म्हणाला. "दोन आठवडे डोळे फोडून केलेले व्ह्यू, आणि म्हणे फोटू."

"लोकांना फोटोच वाटले म्हणजे काम चांगलं झालं," मोनिका म्हणाली. पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. बाईंना फोटो का पुरेनासे झाले असतील?

टीव्ही सेंटरजवळच्या या दोन खोल्यांत मोनिका दाभाडे आणि अभय अजून उभ्या न राहिलेल्या इमारतींची चित्रं करायचे. आर्किटेक्टकडून नकाशे यायचे. त्यावरून कॉम्प्युटरमध्ये इमारतीचं मॉडेल उभं करायचं, भिंतींना रंग, फरशीला पोत, आकाशाला ऊन द्यायचं, आणि मग मॉडेलमध्ये एक कॅमेरा ठेवून चित्र, म्हणजे व्ह्यू, काढायचं. एका चित्राला कॉम्प्युटर तासभरही घेतो. घेऊ दे, कोण घाईत असतं? ऊन भिंतीवर आदळून छताला किती लागतं, काचेत समोरचं झाड किती दिसतं, हे सगळं तो शांतपणे मोजतो. म्हणून ते चित्र फोटोसारखं दिसतं.

बाईंनी मागितलेल्या वॉकथ्रूची गोष्ट वेगळी. तिथं माणूस बटणं दाबत मॉडेलमध्ये चालतो, मान वळवील तिकडचं दिसायला हवं, आणि तेही ताबडतोब. कॉम्प्युटरला एका सेकंदात कितीतरी चित्रं काढून दाखवावी लागतात. तेवढ्यात तो उन्हाचा पुरता हिशेब करू शकत नाही, अंदाज बांधतो. म्हणून वॉकथ्रू चित्राइतका देखणा होणं अवघड. शिवाय माणूस कुठंही वळेल, म्हणून कुठलीही बाजू रिकामी ठेवता येत नाही. चित्रात जे दिसत नाही ते बांधावंच लागत नाही. नाटकातल्या पडद्यामागं खरं घर नसतं, तसं.

ही शाळा शहराबाहेर शेंद्र्याजवळ उभी राहणार होती. औद्योगिक वसाहतीत तात्यासाहेबांची जमीन गेली, तेव्हा त्यांनी पत्र्याच्या दोन शेडमध्ये शाळा काढली. कारखान्यातल्या कामगारांची आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांची पोरं तिथं शिकत होती. आता पक्की इमारत होणार होती. नकाशा शिवराज सरांचा होता. कॉलेजात मोनिकाला त्यांनीच शिकवलं होतं, पहिलं काम त्यांनीच दिलं होतं, आणि आजही तिच्याकडची निम्म्याहून जास्त कामं त्यांच्याच ऑफिसातून यायची.

म्हणून तिनं आधी त्यांना फोन लावला.

"अगं, मला पण आला तो निरोप," शिवराज सर म्हणाले. "रत्नमालाबाईंच्या डोक्यातनं निघालंय. त्यांनी कुठंतरी फ्लॅटची स्कीम बघितली, तिथं दाखवलं असेल. तू सरळ लिही. व्ह्यूची क्वालिटी जास्त असते. वॉकथ्रूला दोन-तीन आठवडे लागतात. चांगला कॉम्प्युटर लागतो, तो त्यांच्याकडं नाही. वयस्कर माणसांना बघताना गरगरतं. बोर्डावर, माहितीपत्रकात वॉकथ्रू छापता येत नाही. खोटं आहे का यातलं काही?"

"नाही सर."

"मग झालं तर. सोमवारी काँक्रीट आहे, आता नवीन खेळणं नको."

मोनिकानं लिहायला घेतलं. 'आदरणीय तात्यासाहेब, सप्रेम जय भीम.' मग सरांनी सांगितलेली वाक्यं एकापाठोपाठ एक आली. सगळी खरी होती. तिनं स्वतः कितीतरी गिऱ्हाइकांना ती सांगितली होती. फक्त दोन-तीन आठवडे की त्याहून कमी, हे तपासून लिहावं म्हणून तिनं शाळेचं मॉडेल उघडलं. किती भाग बांधलेला आहे आणि किती बांधायचा राहिलाय, त्यावर ते ठरणार होतं.

मॉडेलमध्ये चार कॅमेरे होते, चार व्ह्यूंचे. समोरचा दर्शनी भाग, मधलं अंगण, एक वर्ग, आणि तिसऱ्या क्रमांकाचा व्ह्यू वर्गांपुढच्या पॅसेजचा. तोच सगळ्यांना आवडला होता. लांब, रुंद पॅसेज, टोकाला अंगणातलं ऊन, आणि दप्तरं घेऊन धावणारी दोन पोरं. जालना रोडवरून आत वळताना जो मोठा बोर्ड लावलाय, त्यावर तोच होता.

इमारत काटकोनात वळलेली होती. एका हाताला वर्ग, दुसऱ्या हाताला स्वयंपाकघर आणि जेवणाची शेड. पॅसेज वर्गांपुढून येऊन कोपऱ्यात वळायचा आणि स्वयंपाकघराकडे जायचा. तिसरा कॅमेरा त्या वळणावर उभा राहून अंगणाकडे पाहत होता. निदान चित्र पाहणाऱ्याला तसं वाटायचं. वरून मॉडेल पाहिलं, तर कॅमेरा वळणावर नव्हताच. तो वळणामागच्या भिंतीच्या पलीकडे, स्टोअररूमच्या मध्यभागी होता.

यात नवीन काही नव्हतं. खोली लहान असली की कॅमेरा मागं घ्यायला जागा नसते. मग तो भिंतीपलीकडे ठेवायचा आणि ती भिंत फक्त त्याच्यापुरती कापून टाकायची. सगळेच करतात. अभय त्याला भूत म्हणायचा. आपला कॅमेरा भूत आहे, भिंतीतून बघतो आणि कुणाला भीत नाही.

मोनिकानं सर्व्हरवरून शिवराज सरांच्या ऑफिसचे अलीकडचे नकाशे उतरवून घेतले. व्ह्यू केल्यानंतर आलेले तिनं उघडले नव्हते. उघडायचं कारणच नव्हतं, काम संपलं होतं. खांब आणि बीम ठरवणाऱ्या आरसीसीवाल्यांचा नवा नकाशा तिनं मॉडेलवर ठेवला. वळणावरचा कॉलम मोठा झाला होता. पुढं वरचा मजला चढवता यावा म्हणून तो वाढवला होता, आणि भिंतीत मावत नसल्यानं पॅसेजमध्ये पुढं आला होता. मग तिनं पाण्याच्या लाइनींचा नकाशा ठेवला. त्यात हात धुवायच्या नळांचा कट्टा होता. तोही वळणावरच, कॉलमच्या समोर.

तीन नकाशे तीन माणसांनी केले होते. ज्यानं त्यानं आपापलं बरोबर केलं होतं. एकावर एक ठेवून ते कुणी पाहिले नव्हते.

"अभय, इकडं ये जरा."

तिनं नवा कॉलम आणि नळांचा कट्टा मॉडेलमध्ये उभे केले, आणि तिसरा कॅमेरा भिंतीच्या अलीकडे ओढला, जिथं माणूस खरंच उभा राहू शकेल तिथं. पडद्याचा डावा तुकडा कॉलमनं खाऊन टाकला. उजवीकडे नळांचा कट्टा. मधल्या फटीतून पॅसेज दिसत होता, लांबचा, बोगद्यातून दिसावा तसा.

"हे तर आपलं चित्र नाही," अभय म्हणाला.

"जागा तीच आहे."

"मग आपण काय विकलं?"

मोनिकानं कॅमेऱ्याची उंची पाहिली. मोठ्या माणसाच्या डोळ्यांची ठेवली होती, नेहमीसारखी. तिनं ती पहिली-दुसरीतल्या पोराएवढी खाली आणली. आता नळांच्या कट्ट्यापलीकडून कोण येतंय ते दिसेना.

तिनं पुन्हा फोन लावला.

"सर, वळणावरचा कॉलम पॅसेजमध्ये आलाय. आणि नळ पण तिथंच आहेत."

शिवराज सर म्हणाले, "माहितीये. परवा लक्षात आलं. साइटवर ॲडजस्ट करू."

"सोमवारी काँक्रीट पडल्यावर, सर? स्टोअरची भिंत मागं घ्यायची तर तिच्याखालचा बीम आत्ताच सरकवावा लागेल ना?"

"मोनिका." आवाज चढला नव्हता, पण वर्गात यायचा तसा आला. "रुंदी नियमात बसते. नकाशा मंजूर आहे. सळई बांधून झालीये. आता हे उकरलं तर कमिटी म्हणणार, आर्किटेक्टला नकाशा कळत नाही. त्यांचा विश्वास गेला की पुढची हॉस्टेलची इमारत गेली. ती माझ्याबरोबर तुझीही आहे. तुझं काम चित्र काढायचं. त्यांनी विचारलंय काय? चित्र बरं की वॉकथ्रू. तेवढ्याचं उत्तर दे."

फोन ठेवल्यावर तिनं आपलं अर्धवट पत्र वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी ते सगळं मिळून वाचलं की तात्यासाहेबांना एकच गोष्ट कळणार होती: आत जाऊन बघायची गरज नाही.

"पाठव आणि मोकळी हो," अभय म्हणाला. मग तिच्या तोंडाकडं पाहून म्हणाला, "नाहीतर नको पाठवू. पण मला हॉस्टेलचं काम पाहिजे, हे आधीच सांगून ठेवतो."

"मी शेंद्र्याला जाऊन येते."

"कशाला?"

"बाईंना वॉकथ्रू कशाला पाहिजे, ते विचारायला. आपण उत्तर द्यायला बसलो, प्रश्न कुणी विचारलाच नाही."

ती पोचली तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये जेवणाची वेळ झाली होती. शेडच्या ओसरीत पोरांच्या दोन रांगा होत्या. एक रांग ताटं घेऊन खिचडीकडे चालली होती, दुसरी उष्टी ताटं धुवायला नळाकडे. ओसरी अरुंद, रांगा एकमेकांना घासून जात होत्या. मधोमध रत्नमालाबाई उभ्या होत्या. साठीकडे झुकलेल्या, पदर कमरेला खोचलेला. त्यांच्या शाळेत एक पद्धत होती. समोरच्याच्या खांद्यावर डावा हात, उजव्या हातात ताट, आणि चालताना पाढा म्हणायचा. पाढा चालू असेपर्यंत रांग पळत नाही, असं बाईंचं म्हणणं. आत्ता सातचा चालू होता.

"सात पंचे?" बाईंनी मधूनच एका पोरीला विचारलं.

"पस्तीस!"

"शाब्बास. ताट सरळ धर, पस्तिसातली पाच सांडशील."

पोरं हसली, पण रांग तुटली नाही.

जेवणं उरकल्यावर त्या मोनिकाला घेऊन बाकावर बसल्या. मोनिकानं इकडचं-तिकडचं न बोलता विचारलं, "बाई, व्ह्यू आवडले नाहीत का?"

"आवडले ना. फार सुंदर आहेत. पोरांनी बोर्डासमोर उभं राहून फोटो काढून घेतलेत." त्यांनी कमरेला खोचलेला पदर सोडला. "पण त्या चित्रात दोन पोरं पळताना दाखवलीत, बरं का. माझ्याकडे शंभरावर पोरं आहेत आणि ती पळत नाहीत, ताटं घेऊन चालतात. मला एवढंच बघायचं होतं, की ही रांग जाईल कुठनं आणि येईल कुठनं. चित्रात मला नळ दिसले नाहीत. नकाशा मी बघितला, पण त्यातल्या सगळ्या रेघा मला सारख्याच दिसतात. म्हटलं, आत चालता आलं तर बघू."

"आधी काही झालं होतं का?"

बाईंनी ओसरीकडं बोट दाखवलं. "मागच्या वर्षी. खिचडीचं पातेलं घेऊन स्वयंपाकाच्या गीताबाई येत होत्या, तिकडनं रांग आली. एकाच्या हातावर सांडलं. बोटं वाचली, पण अजून पेन नीट धरता येत नाही त्याला. चूक कुणाची म्हणायची? गीताबाई हळू चालत होत्या. पोरं रांगेत होती. ओसरीच तेवढी होती." मग त्या म्हणाल्या, "म्हणून तात्यांना म्हटलं, नवी इमारत होईल तेव्हा पहिलं मला ते वळण दाखवा."

मोनिकानं मान हलवली. वळणाचं तिनं त्यांना काही सांगितलं नाही. ते न सांगता तिथून उठणं तिला जड गेलं. पण तोंडी सांगून काय होणार होतं? बाईंना रेघा सारख्याच दिसणार, आणि सर म्हणणार, मुलीला नकाशा कळत नाही.

परत आल्यावर तिनं अभयबरोबर पॅसेजचं काम वाटून घेतलं. "रंग नको, फरशी नको, झाडं नको. सगळं करड्या रंगात. फक्त मापं खरी पाहिजेत. वळण, कॉलम, नळ, स्वयंपाकघराचं दार. आणि भिंतींतून आरपार जाता येणार नाही असं कर."

"म्हणजे भुताला बंदी."

"हो."

करडं मॉडेल करायला दोन-तीन आठवडे लागत नाहीत. देखण्या वॉकथ्रूला लागतात. तिनं आयुष्यभर हे दोन्ही एकाच नावानं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी ते बटणांवर चालू लागलं. मग तिनं पत्र पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

'आदरणीय तात्यासाहेब, सप्रेम जय भीम. तुम्ही विचारलंत की चित्र बरं की वॉकथ्रू. कशासाठी पाहिजे त्यावर ते ठरतं. लोकांना शाळा दाखवायची, बोर्डावर लावायची, माहितीपत्रकात छापायची, तर चित्रच बरं. ते जास्त देखणं होतं, आणि बघायला कॉम्प्युटर लागत नाही. पण चित्र एकाच जागेवरून दिसतं आणि ती जागा आम्ही निवडतो. आमच्या तिसऱ्या चित्रात ती जागा भिंतीच्या मागं आहे. तिथं कुणालाही उभं राहता येणार नाही. त्या चित्रानंतर नकाशात बदलही झाले आहेत, ते चित्रात आलेले नाहीत.

इमारत वापरायला कशी होईल, हे बघायचं असेल तर आत चालून बघणंच बरं. त्यासाठी देखणा वॉकथ्रू लागत नाही. साधा, बिनरंगाचा पुरतो. तसा पॅसेजपुरता आम्ही तयार केला आहे. माझी विनंती आहे, की सोमवारच्या आधी तो तुम्ही आणि रत्नमालाबाईंनी चालून बघावा. तुमच्या कमिटीच्या बैठकीआधी आमच्याकडे आलात तर बरं होईल. शिवराज सरांनाही हे पत्र पाठवत आहे.'

पाठवण्याआधी तिनं ते सरांना वाचून दाखवायला फोन केला. तो त्यांनी उचलला नाही. तिनं दोन्हीकडे एकदमच पाठवलं. अभयनं गिरणीशेजारच्या टपरीवरून चहा मागवला आणि तिच्यापुढं ठेवला. एकही विनोद केला नाही, म्हणून तिला भीती वाटली.

दुपारी तात्यासाहेब आले, पांढरा शर्ट, धोतर, खांद्यावर पंचा. मागं रत्नमालाबाई. जिना चढून दम लागला होता तरी ते उभेच राहिले. पाचच मिनिटांत शिवराज सरही आले. त्यांनी मोनिकाकडं पाहिलं नाही. भिंतीला टेकून हाताची घडी घातली.

"हे काय, रंग उडालेली शाळा दाखवती व्हय?" तात्यासाहेब पडद्याकडं पाहून म्हणाले.

"रंग मुद्दामच दिला नाही, तात्यासाहेब. रंग दिला की आपण रंगच बघतो."

बाई खुर्चीत बसल्या. मोनिकानं त्यांना बटणं दाखवली, या बाणानं पुढं, यानं वळायचं. पहिल्यांदा त्या दोनदा भिंतीला धडकल्या. "अरे देवा," असं म्हणून हसल्या. मग सावकाश चालू लागल्या. मोनिकानं डोळ्यांची उंची पोराएवढी ठेवली होती. वर्ग एक, वर्ग दोन. बाईंचे ओठ हलत होते. त्या बहुधा पाढा म्हणत होत्या.

वळण आलं. पडदा करड्या कॉलमनं भरला. त्या डावीकडं सरकल्या, नळांचा कट्टा आला. पुन्हा सरकल्या. वळणापलीकडं काय आहे ते दिसेना. त्यांनी बोट बटणावरून काढलं.

"इथं गीताबाई पातेलं घेऊन येणार," त्या हळूच म्हणाल्या.

खालची गिरणी तेवढी चालू होती.

"मग ह्यो फोटू कुठनं काढला व्हता?" तात्यासाहेबांनी विचारलं. भिंतीवर तिसरा व्ह्यू चिकटवलेला होता, त्याच्याकडं बोट होतं.

"भिंतीच्या आतून," मोनिका म्हणाली. "स्टोअररूममधून."

"म्हंजी खोटा?"

"मापं खोटी नव्हती, तात्यासाहेब. त्या वेळच्या नकाशाची होती. उभं राहायची जागा खोटी होती."

"अन् मी पाच गावच्या लोकांना बोर्ड दाखवला. बघा म्हणलं, पोरांना पळायला जागा हाये." त्यांनी पंच्यानं मान पुसली. मग ते शिवराज सरांकडं वळले. "साहेब, तुम्हाला ठाव व्हतं?"

सर भिंतीपासून सुटे झाले, पुढं आले आणि बाईंच्या खुर्चीमागं उभे राहिले. पडद्यावरचा कॉलम ते बराच वेळ पाहत होते.

"बुधवारी कळलं," ते म्हणाले. "साइटवर बघू म्हटलं होतं."

"साइटवर तर म्या पण रोज बघतो. मला खड्डाच दिसतो." तात्यासाहेब म्हणाले. "आता काय व्हतंय, ते सांगा."

"स्टोअरची भिंत मागं घेता येईल. स्टोअर लहान होईल, वळण मोकळं होईल. नळ अंगणाच्या बाजूला न्यायचे. पण तो बीम सरकवायचा तर तिथली सळई सोडवावी लागेल. सोमवार धरता येणार नाही."

"सोमवार गेला तर गेला. सोमवार काय येकच हाये?" तात्यासाहेबांनी बाईंकडं पाहिलं. "स्टोअर बारकं झालं तर चालंल ना, बाई?"

"खडू-फळ्याला किती जागा लागते, तात्या? चालेल."

मोनिकानं तिथंच स्टोअरची भिंत मागं ओढली, नळांचा कट्टा उचलून अंगणाकडे ठेवला. बाई पुन्हा पॅसेजच्या टोकापासून चालत आल्या. कॉलम होताच, पण आता त्याच्या बाजूनं पलीकडचं स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. त्या वळल्या, परत आल्या, पुन्हा वळल्या. तात्यासाहेबांचा पाय दुखत असावा, ते आता खाली बसले होते.

"बास, बाई, तिकडं कमिटी बसायची हाये, नाही जायचं का?"

"एकदा जेवण घेऊन, एकदा ताट धुवून," बाई म्हणाल्या. "दोन्ही रांगा बघू द्या."

ते दोघं गेल्यावर शिवराज सर थांबले. अभय काहीतरी निमित्त काढून खाली गेला.

"फोन केला होता मी," मोनिका म्हणाली. "पत्र पाठवायच्या आधी."

"बघितला. म्हणूनच उचलला नाही." सर खुर्चीत बसले, बाई बसल्या होत्या तिथं. त्यांनी बटण दाबलं, पुढं गेले, वळणावर थांबले. "सगळे नकाशे माझ्या सहीनं गेले. आणि मी या कोपऱ्यात एकदाही उभा राहिलो नाही."

तिला वाटलं, ते आणखी काही बोलतील. ते उठले.

"बदललेला नकाशा मंगळवारी पाठवतो. शाळेचं काम तूच पूर्ण कर." दारात त्यांनी चपला घातल्या. "हॉस्टेलचं मात्र मी दुसरीकडं बघतो, मोनिका. राग नाही. पण माझ्याच चित्रकाराला मी घाबरून राहावं, असं मला नको."

"सर, मी आधीच विचारलं होतं तुम्हाला."

"हो," ते म्हणाले. "विचारलं होतंस." आणि जिना उतरून गेले.

अभय वर आला. हॉस्टेलचं नाव असलेला फोल्डर मोनिकानं उघडला होता, आणि नुसताच बंद केला.

थोड्या वेळानं तात्यासाहेबांचा निरोप आला. "बेटा, बोर्डावरचा फोटू काढायचा का ठेवायचा? पोरं लई नाराज व्हतील काढला तर."

तिनं लिहून पाठवलं: 'काढा, तात्यासाहेब. भिंत सरकली की मी नवा करून देते. या वेळी कॅमेरा पॅसेजमध्येच ठेवीन.'

"थोडा अरुंद दिसेल," अभय म्हणाला.

"दिसू दे."

तिनं तिसरा कॅमेरा निवडला आणि स्टोअररूममधून तो काढून टाकला. मग पॅसेजमध्ये, वळणावर, कॉलमपासून हातभर अंतरावर नवा ठेवला. उंची पोराची ठेवली. चित्र काढायला कॉम्प्युटर बसला. खालची गिरणी बंद झाली होती, त्यामुळं त्याचा पंखा ऐकू येत होता.